सापेक्षतेच्या पुस्तकातली टाळीची ओळ

'क्वांटम' हा शब्द तुम्ही पहिल्यांदा कुठे वाचलात, खरं सांगा? पुस्तकात, की गुडघ्याला बांधायच्या पट्ट्यावर?

लाजू नका. मीही पट्ट्यावरच वाचला. नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजारात एक माणूस टेबल मांडून बसायचा. टेबलावर लॉकेटं, पाण्याच्या बाटल्या आणि पट्टे. प्रत्येकावर तो एकच शब्द, आणि खाली इतक्या बारीक अक्षरात काहीतरी की वाचायला भिंग लागावं. तेव्हा मी बी.एस्सी.ला होते, विषय भौतिकशास्त्र. मी त्याला विचारलं, "क्वांटम म्हणजे काय हो?" तो म्हणाला, "बहुत बडी शक्ती." मी सांगितलं की क्वांटम म्हणजे ऊर्जेची लहानात लहान पुडी, त्याहून लहान निसर्ग मोडून देत नाही. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि शेजारच्या बाईला पट्टा बांधू लागला.

तो माणूस निदान टेबलापुरता होता. पुढे जे भेटले त्यांची पुस्तकांची कपाटं होती.

कॉलेज संपल्यावर एका प्रकाशकाने मला बोलावलं. नागपूरच्या महाल भागातलं, एका जिन्यावरचं ऑफिस, खाली गठ्ठे, वर पंखा. त्यांना एक पुस्तक हवं होतं: क्वांटम आणि सापेक्षता, मराठीत, मोठ्या माणसांसाठी, एकही समीकरण न वापरता. "मॅडम, एक समीकरण दिसलं की वाचक पुस्तक खाली ठेवतो," ते म्हणाले. हे मला पटलं होतं. समीकरणाशिवाय कल्पना सांगता येतात, आणि गणित सुटलेल्या माणसालाही विश्व कसं चालतं हे कळण्याचा हक्क आहे. त्यांनी सांगितलं नाही, आणि मलाही सुचलं नाही, ते इतकंच की समीकरण ही लेखकाच्या मानगुटीवर बसलेली पोलीस चौकी असते. ती उठवली की लेखकाला स्वतःच पहारा द्यावा लागतो. आणि पहाऱ्यावर डुलक्या काढणाऱ्यांची या धंद्यात कमी नाही.

आमच्या घरात पहारा कसा द्यायचा हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी पत्रकांवर वाढले. वडील पत्रकं लिहायचे, आत्या ती घडी घालून टाचायची. तिचं बाइंडिंगचं छोटं दुकान होतं, आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर जी पुस्तकांची दुकानं लागतात त्यात एक फळी तिची असायची. माझी बाराखडी 'अंधश्रद्धेचा बाजार बंद करा' या मथळ्यावर झाली. घरात एक रीत होती. पत्रक छापायला जाण्याआधी मोठ्याने वाचायचं, समोर चारपाच माणसं बसवायची, आणि आत्या हातात निळी पेन्सिल घेऊन भिंतीला टेकून बसायची. ज्या ओळीवर माणसं टाळी वाजवत, मान डोलवत, 'वा' म्हणत, तिथे ती पहिली फुली मारायची. त्या ओळीची तपासणी सगळ्यात आधी.

"टाळी पडली का माणूस विचार करायचं बंद करते," ती म्हणायची. "अन् दुश्मन बी तीच ओळ पयले पकडते."

सातवी शिकलेली बाई. छापखान्यात तिची पेन्सिल यायची तेव्हा खिळे जुळवणारा जुळारी चहा ठेवून उभा राहायचा.

मी पुस्तक लिहायला घेतलं. आठ महिने लागले. प्रकाशकाकडे कच्चं बाड दिलं तर ते पंधरा दिवसांत परत आलं, आणि त्यात शेवटी एक प्रकरण जास्त होतं. मी लिहिलेलं नव्हतं. कुणा पीएचडी झालेल्या गृहस्थाने लिहिलं होतं, असं कळलं. मी ते जिन्यातच उभ्याने वाचलं. निरीक्षकाशिवाय जग अस्तित्वात येत नाही हे क्वांटमने सिद्ध केलं, म्हणून चैतन्य हेच मूळ. दोन कण एकमेकांशी गुंतलेले राहतात, म्हणून आईच्या मनातलं परदेशातल्या मुलाला कळतं. आणि हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं; फक्त यंत्रं नव्हती म्हणून मोजलं नाही.

फक्त यंत्रं नव्हती! मोजलं नाही हे सांगायला लाज वाटायच्या ऐवजी गृहस्थांनी ते ठेवणीतल्या शालीसारखं पांघरलं होतं.

मी वर गेले. प्रकाशक चष्मा पुसत होते.

"हे प्रकरण कुणाचं?"

"बसा ना मॅडम. पाणी घ्या. वाचकाला शेवटी जरा समाधान लागतं."

"हे खोटं आहे."

"तुम्ही सिद्ध करा खोटं आहे म्हणून."

मग मी त्यांच्याच टेबलावर सिद्ध केलं. इलेक्ट्रॉन एकेक करून सोडायचे, समोर दोन बारीक फटी, मागे पडदा. प्रत्येक इलेक्ट्रॉन पडद्यावर एकच ठिपका पाडतो. पण हजारो ठिपके जमले की पट्टे दिसतात, जणू दोन्ही फटींतून लाटा आल्या आणि एकमेकींत मिसळल्या. आता कोणत्या फटीतून गेला याची नोंद होईल अशी सोय केली, की पट्टे जातात. इथवर सगळेच सांगतात, आणि इथेच गृहस्थ डोळे मिटून म्हणतात, बघा, माणसाने पाहिलं म्हणून! माणसाने काही पाहिलेलं नसतं. नोंद करणारं यंत्र ठेवा, खोलीला कुलूप घाला, सगळे घरी जा, कागद कधीच वाचू नका. पट्टे तरी येणार नाहीत. इतकंच काय, वाटेत हवेचे रेणू जास्त असले आणि इलेक्ट्रॉन त्यांच्यावर आपल्या वाटेची खूण ठेवून गेला, तरी पट्टे पुसले जातात. हवेच्या रेणूला चैतन्य आहे का? असेल तर त्याला रॉयल्टी द्या.

"आणि गुंतलेले कण?" त्यांनी विचारलं. मजा घेत होते ते.

"इथला कण मोजला तर तिथल्याचं उत्तर याच्याशी जुळतं, आणि ते जुळणं नुसतं आधी ठरवून पाठवलेल्या चिठ्ठ्यांनी समजावता येत नाही. ते खरंच विचित्र आहे. पण इथे काय उत्तर यावं हे मी ठरवू शकत नाही, म्हणून तिकडे निरोप जात नाही. आईला फोनच करावा लागतो."

ते हसले. हात जोडले. "बरं बाबा, तुमचं ऐकलं. ते प्रकरण बाजूला ठेवतो. तुमचा सापेक्षतेचा भाग मात्र फर्स्टक्लास आहे. त्यातली ती एक ओळ, वा!"

कोणती ओळ हे मी विचारलं नाही. मला ठाऊक होती. मलाही ती आवडली होती.

ती ओळ अशी होती: 'विश्वात कोणतीही जागा उच्च नाही, कोणतीही नीच नाही, प्रकाशापुढे सगळे समान आहेत, हे सापेक्षतेने सिद्ध केलं.'

पुढच्या रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या विहाराच्या वाचनालयात मी तो भाग वाचला. रीत म्हणजे रीत; दर रविवारी एकेक तुकडा. सातआठ माणसं होती. पुढे एक निवृत्त एसटी कंडक्टर काका बसले होते, त्यांची आयुष्यभराची गाडी नागपूर-पारशिवनी. आत्या भिंतीला टेकून. आता तिला दूरचं कमी दिसतं, पण पेन्सिल तीच, निळी.

मी काकांच्या गाडीतूनच सुरुवात केली होती. सरळ रस्त्यावर एकाच वेगाने चाललेल्या गाडीत तिकिटाचा पंच वर उडवला तर तो मागे पडत नाही, हातातच पडतो.

"बरोबर," काका म्हणाले. "लय खेळलो."

म्हणजे गाडीच्या आत बसून, खिडकी न उघडता, गाडी चालते की उभी आहे हे सांगता येत नाही. आता गाडीच्या बरोबर मध्यावर एक दिवा लावा. प्रकाशाचा स्वभाव असा की गाडीचा वेग त्याच्यात मिसळत नाही. कुणीही मोजो, रिकाम्या जागेत त्याचा वेग तोच. गाडीतला माणूस म्हणतो, प्रकाश पुढच्या काचेवर आणि मागच्या भिंतीवर एकदमच पोचला, कारण दोन्हीकडे अंतर सारखं. स्टॅंडवर उभा असलेला म्हणतो, नाही, मागची भिंत प्रकाशाला सामोरी आली, पुढची काच पळाली, म्हणून मागे आधी पोचला. दोघांची घड्याळं चांगली आहेत, दोघांचं मोजणं चोख आहे. 'एकाच वेळी' ही गोष्टच दोघांसाठी वेगळी आहे. गाडीच्या वेगाला हा फरक इतका सूक्ष्म की मनगटी घड्याळाच्या बापाला कळणार नाही. पण तुमच्या मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांची घड्याळं वेगाचा आणि गुरुत्वाकर्षणाचा हिशेब धरूनच लावावी लागतात, नाहीतर तुम्ही घराऐवजी नाल्यात पोचाल.

माणसं पुढे सरकून ऐकत होती. मग मी ती ओळ वाचली.

टाळी पडली. चांगली दणदणीत. एका ताईने डोळे पुसले. आणि त्याच क्षणी मला भिंतीपाशी कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज आला.

"फुली?" मी म्हटलं. "आत्या, या ओळीवर?"

"टाळी पडली ना वं. मंग."

"पण हे आपलंच आहे!"

"म्हणूनच तं." ती कंडक्टर काकांकडे वळली. "भाऊ, तुमी सांगा. गाडी सरळ चालली तं समजत नाई म्हणता. ब्रेक मारला तं?"

काका हसले. "ब्रेक मारला का सगळी गाडी ड्रायव्हरच्या अंगावर! स्टॅंडवरचा उभाच राहाते. कोण थांबलं थे पोटाले समजते, बाई."

"मंग सगळे सारखे कसे झाले?" आत्याने मला विचारलं. "तुनंच मागच्या रविवारी जुळ्या भावाइची गोष्ट वाचली. एक अंतराळात गेला, वापस आला. दोघंबी म्हणून राहिले का तुयं घड्याळ हळू चालते. मी म्हटलं, भेटल्यावर कोणाचं खरं? तं तू म्हणाली, जो वळला त्याचं वय कमी भरते. जो वळला त्याले समजते का तो वळला. हो का नाई?"

"हो."

"म्हणजे सगळ्यायची नजर सारखी नाई. जो वळते त्याची अलग."

माझ्या ओळीत चूक होती. विज्ञानाची, सरळ. सापेक्षता म्हणते की एकसारख्या वेगाने चालणाऱ्या सगळ्यांसाठी निसर्गाचे नियम एकच आहेत. वळणाऱ्याचं, ब्रेक मारणाऱ्याचं गणित तिथे वेगळं मांडावं लागतं. आणि 'सगळं सापेक्ष आहे' हेही ती म्हणत नाही. प्रकाशाचा वेग सगळ्यांना एकच. कारण आधी आणि परिणाम नंतर, हा क्रम कोणत्याही गाडीतून पाहिला तरी उलटत नाही. या सिद्धांतात न बदलणाऱ्या गोष्टीच जास्त महत्त्वाच्या आहेत, आणि मी, आठ महिने त्यावर बसून, टाळीसाठी त्या गिळल्या होत्या.

तरी मी हट्ट धरला. "भौतिकशास्त्र जरा इकडेतिकडे झालं असेल. पण अर्थ तर चांगला आहे ना?"

आत्याने पेन्सिल कानावर ठेवली. "थो तुया प्रकाशकाचा पीएचडीवाला म्हणते, क्वांटमनं आत्मा सिद्ध झाला. तू म्हणतं, सापेक्षतेनं समता सिद्ध झाली. तुमच्या दोघाइत फरक काय? त्याची दाढी?"

वाचनालय हसलं. मी नाही हसले.

"अन् आयक," ती म्हणाली, आता हळू. "उद्या कोणी आला अन् म्हणाला का हा सिद्धांत चुकला. तं मंग आपण काय करावं? उठून पुन्हा उंबरठ्याच्या बाहेर बसावं का? आपली समता कोण्या उजेडाच्या भरोशावर हाय काहून?"

मी कागद गोळा केले, चपला घातल्या आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मी आजवर जेवढी माणसं तुच्छ लेखली, पट्टेवाला, लॉकेटवाले, शालवाले गृहस्थ, त्या सगळ्यांच्या रांगेत आपणही उभे आहोत हे कळायला दोन दिवस काही जास्त नाहीत. त्यांच्या दुकानात आत्मा होता, माझ्या दुकानात समता. तराजू तोच, विज्ञानाचं वजन टाकलेला.

तिसऱ्या दिवशी मी महालात गेले. सांगणार होते की ती ओळ काढा.

टेबलावर दोन मुखपृष्ठं तयार होती. एकावर ध्यानस्थ ऋषी, त्यांच्या कपाळातून अणू निघून नारळाच्या झाडांवरून उडत चाललेले. दुसऱ्यावर निळं आकाश, पिंपळाचं पान आणि पानाखाली मोठ्या अक्षरात माझी ओळ.

"हे काय?"

"एकच पुस्तक आहे, मॅडम. आतला मजकूर तुमचाच. फक्त शेवट दोन." ते खरंच खूश होते. "ते चैतन्याचं प्रकरण दुकानातल्या आवृत्तीत. आणि ही निळी आवृत्ती दसऱ्याच्या स्टॉलसाठी, हिच्यात शेवटी बौद्ध शून्यतेचं एक प्रकरण घालतो, त्याच गृहस्थांना सांगितलंय. ते दोन्ही लिहितात."

दोन्ही लिहितात! आठवड्याच्या बाजारात एकाच मापाने तूर आणि चणे मोजावेत तसं ते विश्व मोजत होते. आणि अशी माणसं मला आतापर्यंत भोळी वाटत होती, चुकलेली वाटत होती. चुकायला आधी कशावर तरी विश्वास असावा लागतो.

"दोन्ही शेवट काढा," मी म्हटलं. "आणि मुखपृष्ठावरची ती ओळ काढा. ती चूक आहे."

"कोण म्हणालं?"

"माझी आत्या."

"भौतिकशास्त्र शिकवतात?"

"पुस्तकं बांधते."

त्यांनी चष्मा काढला. आता हसू गेलं होतं. "हे बघा, मॅडम. आमचं शेवटचं प्रकरण नाही तर हे पुस्तक इकडे विकणार नाही. तुमची ओळ नाही तर तिकडे विकणार नाही. मग उरतं काय?"

"मधला भाग. दिवा, गाडी, फटी, पडदा."

"तेवढ्याचं पुस्तक नसतं होत. मी छापणार नाही."

मला ते पुस्तक हवं होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्या घरात इतकी वर्षं नुसत्या घड्या घातल्या गेल्या. पाठीला कणा असलेलं, कपाटात उभं राहणारं, घरातल्या माणसाने लिहिलेलं पुस्तक कधी झालं नव्हतं. दसऱ्याला आत्याच्या फळीवर ते ठेवायचं, एवढं मी मनात ठरवून टाकलं होतं. एक ओळ राहू दिली असती तर ठेवता आलं असतं. आणि तिने ते हातात घेऊन पहिल्यांदा तीच ओळ वाचली असती.

मी बाड उचललं. ते म्हणाले, "विचार करा." मी म्हटलं, "केला." जिन्यात खालच्या गठ्ठ्यांवर पाहिलं तर 'क्वांटम श्रीमंती' नावाच्या पुस्तकाची नवी आवृत्ती बांधून तयार होती. तिचे शेवट किती, ते मी पाहिलं नाही.

घरी आत्या टाचणीवर बसली होती. मी बाड तिच्यासमोर ठेवलं.

"काय झालं वं?"

"तो छापत नाही."

"ओळ काढ म्हटलं तं?"

"हो."

तिने बाडाच्या कडा जुळवल्या आणि म्हणाली, "पुस्तक नाई तं नाई. सोळा पानाचं होते का?"

सोळा पानांचं झालं. फक्त कंडक्टर काकांची गाडी, मधला दिवा, ब्रेक आणि वळून आलेला भाऊ. क्वांटमचं दुसरं सोळा पानांचं, त्यात कुलूपबंद खोली. दोन्हींच्या शेवटी काही सिद्ध होत नाही. जिथे मला कळतं ते संपतं तिथे ते थांबतं, आणि तसं लिहिलेलं आहे. एका रविवारी पूर्ण वाचून झालं तेव्हा टाळी एकदाही पडली नाही. कंडक्टर काका म्हणाले, "थ्या प्रकाशाले गाडीचा वेग काहून चिकटत नाई, थे काई समजलं नाई, पोरी." आत्या खूश झाली. मी त्यांना सांगितलं की ते का तसं आहे हे मलाही सांगता येत नाही. तसं आहे हे मोजून पाहिलंय, पुन्हापुन्हा, आणि तसं धरलं तर बाकी सगळं जुळतं. ते म्हणाले, "हे आधी नव्हतं सांगितलं तुनं." मग ते वाक्य आत गेलं. आठ महिन्यांत मी लिहिलेलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच आहे.

आमच्या प्रत्येक पत्रकाच्या मागच्या पानावर जुनी ओळ असायची: वाचून झाल्यावर पुढच्याला द्या. आत्याने या वेळी ती बदलून 'फुली मारून पुढच्याला द्या' अशी करायला लावली, आणि आता मी तुम्हालाही तेच करायला सांगते. क्वांटमचं किंवा सापेक्षतेचं, समीकरण नसलेलं जे काही पुस्तक तुमच्या घरात असेल, माझं असो की त्या दोन शेवटांच्या गृहस्थांचं, ते आज काढा. पेन्सिल घ्या. ज्या ओळीवर तुम्हाला टाळी वाजवावीशी वाटली त्या ओळीवर पहिली फुली मारा, आणि शेजारच्या समासात लिहा: हे मोजलं कुणी, आणि कसं? उत्तर पुस्तकात सापडलं तर फुली खोडा. सापडलं नाही तर फुलीसकट ते पुस्तक पुढच्याला द्या. कोऱ्या समासाचं पुस्तक कुणालाही देऊ नका.